क्लॉक सोळापट कमी केला तरी बिट सरकतोच! (ट्रेसवरचं परावर्तन, आणि ओघाने एसडब्ल्यूआर)

मृणाल_सर्किट | शनिवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. गेले बारा दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून सगळं नीट मांडते.

शेतावरच्या पंपाचं कंपन नोंदवणारा डेटा लॉगर करतेय. कंट्रोलर एसटीएम32एफ4, त्याच्या एकाच एसपीआय बसवर दोन चिप. क्लॉकचा ट्रेस कंट्रोलरपासून निघतो, 8 सेमीवर एडीसीला भेटतो आणि तसाच पुढे जाऊन 17 सेमीवर फ्लॅशला संपतो. एवढा लांब, कारण पेटी लांबट आहे आणि फ्लॅश काढता यावी म्हणून दुसऱ्या टोकाला ठेवली आहे. बोर्ड साधा दोन थरांचा, 1.6 मिमी जाडीचा, ट्रेस 0.25 मिमी रुंद, खालचा थर बहुतेक सगळा ग्राउंड.

फ्लॅशचा आयडी वाचला की `EF 40 18` यायला हवं. बहुतेक वेळा येतंही. पण दहा-पंधरा वाचनांत एकदा `DE 80 30` येतं. दोन्ही बायनरीत लिहून पाहिलं तेव्हा कळलं की सगळे बिट एक घर डावीकडे सरकलेत. कधीकधी नुसतं `FF FF FF` येतं.

सगळ्यांनी सांगितलं की क्लॉक कमी कर. 10.5 मेगाहर्ट्झवरून 656 किलोहर्ट्झवर आणला. चूक तेवढीच. हेच मला कळत नाहीये. एवढ्या हळू चालवल्यावर तर साध्या वायरीवरही चालायला हवं ना?

स्कोपवर (100 मेगाहर्ट्झचा आहे) चढत्या कडेनंतर लाटा दिसतात. फोटो जोडलाय.

---

अर्चना_के | शनिवार, रात्री 11:15

मृणाल, हे परावर्तन आहे, नक्की. आम्ही प्रत्येक बोर्डवर क्लॉकला 33 ओहमचा रेझिस्टर घालतोच. फ्लॅशच्या क्लॉक पिनजवळ ट्रेस कापून तिथे 33 ओहम बसव, लाटा बसतील.

---

निमिष_पीसीबी | रविवार, सकाळी 7:50

अर्चना यांचं निदान बरोबर आहे, पण जागा आणि आकडा दोन्ही बदलावे लागतील. त्याआधी मृणालचा मूळ प्रश्न घेतो, कारण गाठ तिथेच आहे.

क्लॉक सेकंदाला किती वेळा बदलतो याचा इथे संबंध नाही. तो बदलताना किती झटकन बदलतो, याचा आहे. 10.5 मेगाहर्ट्झ असो की 656 किलोहर्ट्झ, पिनचा स्पीड कमाल ठेवला असेल तर कड दोन्ही वेळा तेवढ्याच वेगाने चढते, साधारण दीड-दोन नॅनोसेकंदांत. तुमच्या बोर्डवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण 17 सेमी जातो. म्हणजे फ्लॅशपर्यंत जायला 1 नॅनोसेकंद आणि परत यायला 1. कड पूर्ण चढते न चढते तोच पहिला प्रतिध्वनी घरी पोहोचतो. क्लॉक कमी केल्याने दोन कडांमधला वेळ वाढला, कड होती तशीच राहिली. फ्लॅश मोजते ती कड.

बिट सरकण्याचा अर्थही हाच. फ्लॅशच्या पिनवर एक कड चढली, खाली आली आणि परत चढली, तर फ्लॅशच्या हिशेबी दोन क्लॉक झाले. कंट्रोलरच्या हिशेबी एकच. आयडी पाठवताना हे घडलं तर फ्लॅश एक बिट पुढे निघून जाते आणि तुम्हाला `DE 80 30` दिसतं. आज्ञा चालू असतानाच घडलं तर फ्लॅशला आज्ञाच वेगळी ऐकू येते, आणि `FF` मिळतात. तुमची दोन्ही लक्षणं जुळताहेत.

आता फोटो. तुमच्या फोटोतल्या लाटा एकमेकींपासून 8 ते 9 नॅनोसेकंदांवर आहेत. 17 सेमीच्या ट्रेसवर, एक टोक उघडं आणि दुसरं जोरदार ड्रायव्हरचं असताना, लाटेची एक पूर्ण फेरी म्हणजे दोनदा जाणं आणि दोनदा येणं, 4 नॅनोसेकंद. तुमच्या लाटा त्याच्या दुप्पट लांब आहेत. त्या ट्रेसच्या नाहीतच. प्रोबला लावलेल्या त्या लांब काळ्या ग्राउंड वायरीच्या आहेत. 15 सेमीची वायर आणि प्रोबची कपॅसिटन्स मिळून 120 मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच झंकारतात. खऱ्या लाटा 250 मेगाहर्ट्झच्या, आणि 100 मेगाहर्ट्झचा स्कोप त्या बऱ्याचशा गिळून टाकतो.

प्रोबची टोपी काढा, ग्राउंडची ती छोटी स्प्रिंग टोकाशी लावा, आणि कुठल्या तरी कॉलेजात 500 मेगाहर्ट्झचा स्कोप मिळतो का पाहा.

---

हवेतला | रविवार, सकाळी 9:05

निमिषसाहेब, हे तर आमच्या हॅम रेडिओतलंच झालं की! अँटेना आणि कोॲक्स जुळले नाहीत की पॉवर परत येते, मीटर एसडब्ल्यूआर वाढलेला दाखवतो. मृणालताईंच्या ट्रेसचा एसडब्ल्यूआर वाईट आहे, तो रेझिस्टर लावून 1 वर आणायचा, बस्स. माझ्या 2 मीटर बँडच्या अँटेनाचा 1.3 आहे. उन्हाळ्यात 1.5 होता, पावसाळ्यानंतर आपोआप सुधारला. एवढा चांगला असूनही डोंगरावरचा रिपीटर हल्ली मला नीट ऐकत नाही. त्यांच्या रिसीव्हरमध्येच काहीतरी बिघाड असणार, त्यांना कळवलंय.

---

भोसरीकर | रविवार, सकाळी 9:40

टर्मिनेशनचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. आमच्या शॉपवर आरएस-485 ची लाइन आहे, 300 मीटर, 8 मीटर जोडलेत (म्हणजे एनर्जी मीटर, 8 नग). 9600 वर मजेत चालू होती. कुणीतरी म्हणालं, परावर्तन होतं, 120 ओहम लावा. आम्ही आठही मीटरवर 120 ओहम लावले. लाइन पूर्ण बंद! तेव्हापासून मी म्हणतो की टर्मिनेशन वगैरे पुस्तकातलं आहे, प्रत्यक्षात काढून टाकलेलं बरं.

---

निमिष_पीसीबी | रविवार, दुपारी 12:30

भोसरीकर, तुमची लाइन रेझिस्टरमुळे नाही, आठ रेझिस्टरमुळे बंद पडली. 120 चे आठ समांतर म्हणजे 15 ओहम. आरएस-485 चा ड्रायव्हर दोन टोकांच्या दोन रेझिस्टरसाठी, म्हणजे 60 ओहमच्या आसपासच्या भारासाठी बांधलेला असतो. 15 वर त्याचा व्होल्टेज बसतो. लाइनची टोकं दोनच, तर रेझिस्टरही दोनच.

पण त्याआधी ती विनाटर्मिनेशन चालत होती हे अगदी खरं आहे, आणि त्याचं कारण मृणालच्याही कामाचं आहे. 300 मीटर जायला सुमारे दीड मायक्रोसेकंद. लाट दोन-तीन फेऱ्या मारून दहाएक मायक्रोसेकंदांत विझते. 9600 वर एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा, आणि रिसीव्हर बिटच्या मध्यावर, 52 व्या मायक्रोसेकंदाच्या सुमारास डोकावतो. तोवर पाणी संथ झालेलं असतं. मृणालच्या फ्लॅशला हे सुख नाही. डेटाच्या वायरीवर कितीही लाटा आल्या तरी क्लॉकची कड येईपर्यंत त्या शमलेल्या असतात. क्लॉकच्या वायरीकडे मात्र चिप सतत कान लावून बसलेली असते. म्हणून एसपीआयत आधी क्लॉक बिघडतो.

आता आकडे. मृणाल, तुमच्या 0.25 मिमी रुंद ट्रेसखाली ग्राउंड दीड मिलिमीटरवर आहे. अशा ट्रेसचा इंपिडन्स 125 ते 130 ओहम निघतो. 50 हवा असता तर त्याच बोर्डवर जवळपास 3 मिमी रुंद पट्टा लागला असता. 125 धरू. कंट्रोलरच्या पिनचा आतला रोध 25 ओहम धरतो, तुम्ही मोजून पाहा: पिन हाय करून 330 ओहम ग्राउंडला जोडा, व्होल्टेज पाव व्होल्टने पडला तर 25.

पिन हाय होते त्या क्षणी तिला ना फ्लॅश माहीत ना एडीसी. तिला फक्त 125 ओहमचा ट्रेस दिसतो. 3.3 व्होल्ट 25 आणि 125 मध्ये वाटले जातात, 2.75 ची लाट निघते. फ्लॅशची पिन करंट घेत नाही, म्हणजे टोक उघडं, लाट तिथे दुप्पट होते: 5.5 व्होल्ट. ती 2.75 परत येते, ड्रायव्हरच्या 25 ओहमवर आपटते आणि दोन तृतीयांश उलटी होऊन पुन्हा निघते. फ्लॅशपाशी पोहोचून दुप्पट झाली की 5.5 मधून 3.67 वजा. उरले 1.83. पुढच्या फेरीत 4.28, मग 2.65, असं करत 3.3 ला स्थिरावतं.

तो 1.83 बघा. फ्लॅशची पिन 1.65 च्या आसपास कधीतरी 0 आणि 1 चा निर्णय घेते. दोन्हींत 0.18 व्होल्टचं अंतर. ग्राउंड जरा हलला की कड दोनदा मोजली गेली. म्हणूनच प्रत्येक वेळी नाही, दहा-पंधरातून एकदा.

उपाय: 100 ओहम, कंट्रोलरच्या पिनला अगदी चिकटून. 25 आणि 100 मिळून 125. मग अर्धीच लाट निघेल, 1.65 ची. फ्लॅशपाशी दुप्पट होऊन बरोबर 3.3. परत आलेली 1.65 ची लाट 125 ओहममध्ये पूर्ण जिरेल, दुसरी फेरी होणारच नाही. अर्चना, 33 ओहम 50-60 ओहमच्या ट्रेसला ठीक, चार थरांच्या बोर्डवर असेच ट्रेस असतात, त्यामुळे तो आकडा सगळीकडे फिरतो. इथे 25 आणि 33 मिळून 58 च होतात. आणि फ्लॅशजवळ लावला तर जवळपास काहीच होणार नाही, कारण तिथे करंटच नाही. लाटेला टोक तेवढंच उघडं दिसेल.

---

अर्चना_के | रविवार, दुपारी 1:10

आमचे सगळे बोर्ड चार थरांचे आहेत, हे खरं. 33 चा उगम मी कधी शोधलाच नव्हता. जागेबद्दल मात्र मी उलट लक्षात ठेवलं होतं. उद्या ऑफिसात जुने लेआउट उघडून बघते.

---

जुनी_लॅब | रविवार, संध्याकाळी 6:20

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा सांभाळली. हवेतला यांच्या एका वाक्यापाशी थांबतो: रेझिस्टर लावून ट्रेसचा एसडब्ल्यूआर 1 वर आणायचा. तसं होत नाही. निमिष सांगताहेत तो 100 ओहम लावल्यावरही त्या ट्रेसचा एसडब्ल्यूआर जसा होता तसाच राहील. टोक उघडं आहे, म्हणजे तो अनंत. आणि तरीही मृणालचं काम होईल.

इथल्या पुष्कळ जणांनी कॉलेजात तो बेंच वापरला असेल. रिफ्लेक्स क्लिस्ट्रॉन, पुढे चौकोनी पितळी वेव्हगाइड, त्याला वरून लांब खाच, आणि खाचेतून आत डोकावणारा सुईएवढा प्रोब, गाडीवर बसवलेला. टोकाला पितळी झाकण लावून गाडी हळूहळू सरकवली की मीटरचा काटा वर जातो, मग धाडकन शून्याजवळ, पुन्हा वर. साडेनऊ गिगाहर्ट्झच्या आसपास दर सव्वादोन सेंटिमीटरला एक खड्डा. झाकण काढून लोड बसवला की गाडी कुठेही न्या, काटा हलत नाही. अँटेना लावली तर मधलंच काहीतरी. उंच जागेचा व्होल्टेज भागिले खोल जागेचा व्होल्टेज, हाच तो एसडब्ल्यूआर. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींवर चढून जागच्या जागी उभी राहते, तिच्या उंचसखलपणाचं माप.

आता क्लिस्ट्रॉनची पॉवर वाढवा, किंवा त्याच्या तोंडाशी काहीही बदला. उंचवटे वाढतील, खड्डेही त्याच प्रमाणात वाढतील, भागाकार तोच. कारण टोकाला पोहोचलेल्या लाटेला दोनच गोष्टी कळतात: आपण आलो ती वाट, आणि पुढे जोडलेली वस्तू. मागे कोण बसलंय हे तिला ठाऊक नसतं. एसडब्ल्यूआर फक्त लाइन आणि तिच्या टोकाचा भार यांच्यातलं नातं सांगतो. रेडिओ बांधणाऱ्याने त्याच्याकडून याहून जास्त वदवून घेऊ नये.

फरक उद्देशाचा आहे. मृणालला फ्लॅशमध्ये पॉवर ओतायची नाही. लाट एकदा नीट पोहोचावी आणि परतीची सुरुवातीला जिरून जावी, एवढंच हवंय. म्हणून टोक खुशाल उघडं ठेवता येतं. रेडिओवाल्याला पॉवर टोकाच्या वस्तूतच घालायची असते, म्हणून त्याला टोकच जुळवावं लागतं. शिवाय तो एका फ्रीक्वेन्सीवर सतत लाट सोडत असतो, त्यामुळे सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून एक स्थिर चित्र होतं. मृणालला मात्र प्रत्येक फेरी वेगवेगळी भोगावी लागते.

---

हवेतला | रविवार, रात्री 8:00

काका, मानलं. म्हणजे मृणालताईंच्या बाबतीत मी चुकलो. पण माझा 1.3 तर चांगलाच ना? 1.3 म्हणजे दोन टक्केसुद्धा पॉवर परत येत नाही.

---

जुनी_लॅब | रविवार, रात्री 9:15

मीटर कुठे लावलाय? कोॲक्स कोणती, किती लांब, किती जुनी?

---

हवेतला | रविवार, रात्री 9:20

मीटर खाली, रेडिओला लागून. आरजी-58, 30 मीटर, गच्चीपर्यंत. सहा-सात वर्षं झाली. रेडिओ 25 वॅटचा.

---

जुनी_लॅब | सोमवार, सकाळी 6:45

मग त्या 1.3 वर माझा विश्वास नाही. का ते सांगतो.

नवी कोरी आरजी-58 सुद्धा 145 मेगाहर्ट्झच्या आसपास 30 मीटरमध्ये 6 डेसिबल खाते. म्हणजे वर चौथा हिस्सा पोहोचतो. वरून काही परत आलं तर त्याचाही चौथाच हिस्सा खाली येतो. समजा तुम्ही अँटेना काढूनच टाकली. टोक उघडं, सगळी लाट परत. ती खाली येईपर्यंत पॉवर सोळावा हिस्सा, व्होल्टेज पाव हिस्सा. मीटर करतो तो हिशेब असा:

```
SWR = (1 + 0.25) / (1 - 0.25) = 1.67
```

अँटेनाच नाही, आणि मीटर 1.7 दाखवतोय. वर एसडब्ल्यूआर 3 असेल तर खाली 1.3 च्या आसपास दिसेल. केबल जितकी खराब, तितका मीटर गोड बोलतो. पावसाळ्यानंतर आकडा आपोआप सुधारला असं तुम्ही म्हणालात तेव्हाच मला शंका आली. अँटेना पावसात भिजून सुधारत नसते. केबलच्या जाळीत पाणी शिरलं की नुकसान वाढतं आणि परतीची लाट वाटेतच मरते.

एक करा. वर जाऊन अँटेना सोडा, केबलचं टोक उघडं ठेवा, आणि खाली रेडिओ सर्वांत कमी पॉवरवर ठेवून क्षणभरच मीटर वाचा. नॅनोव्हीएनए असेल तर त्याहून चांगलं, रेडिओ लावूच नका.

---

भोसरीकर | सोमवार, सकाळी 9:30

निमिष, मधले सहा रेझिस्टर काढले, दोन टोकांचे ठेवले. लाइन चालू आहे. पण 9600 वर त्या दोघांची गरज नाही असं तुम्हीच म्हणता, मग ठेवू की काढू?

---

निमिष_पीसीबी | सोमवार, सकाळी 10:05

ठेवा. उद्या कुणी 115200 केलं तर बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांवर येईल आणि मग प्रतिध्वनी विझायला वेळ उरणार नाही.

---

मृणाल_सर्किट | बुधवार, रात्री 11:20

आज कॉलेजातला 500 मेगाहर्ट्झचा स्कोप दोन तास मिळाला.

आधी 330 ओहम लावून पिन मोजली: 3.30 ची 3.06 झाली. म्हणजे 25-26 ओहम. मग स्प्रिंग लावून फ्लॅशच्या पिनवर प्रोब टेकवला. त्या 8 नॅनोसेकंदांच्या लाटा गायब. त्यांच्या जागी अरुंद, उंच लाटा, शिखर ते शिखर साडेचार नॅनोसेकंद. पहिलं शिखर 4.6 व्होल्ट, पुढचा खड्डा 2.1. हिशेबातले 5.5 आणि 1.83 नाहीत, पण आकार तोच. दर काही शेकडा कडांत एखादीचा खड्डा आणखी खाली जातो, स्कोपला ट्रिगर लावून एकदा 1.7 पकडला.

मग पिनजवळ ट्रेस खरवडून 100 ओहम बसवला. फ्लॅशवर कड स्वच्छ, शिखर जेमतेम 3.4. एक लाख वेळा आयडी वाचला, एकही चूक नाही. 10.5 मेगाहर्ट्झवर!

पण आता एडीसी चुकतोय. आधी तो कधीच चुकत नव्हता. आता लाखात दोन-तीन वाचनं वेडीवाकडी. तिथे प्रोब टेकवला तर कड अर्ध्यावर येऊन किंचित खांदा पाडते आणि मग वर जाते. हा खांदा बरोबर 1.6 व्होल्टच्या आसपास आहे.

---

निमिष_पीसीबी | गुरुवार, सकाळी 7:30

शिखर 5.5 ऐवजी 4.6 दिसणं योग्य आहे. पिनमधले संरक्षक डायोड 3.9 च्या आसपास वाहायला लागतात आणि लाटेतली काही ऊर्जा खातात, म्हणून पुढचा खड्डाही उथळ होतो. साडेचार नॅनोसेकंद हे फ्लॅशच्या पिनच्या कपॅसिटन्समुळे.

एडीसीचा खांदा हा त्या 100 ओहमचाच परिणाम. अर्धी लाट निघते, फ्लॅशपाशी दुप्पट होते, पण वाटेवरच्या एडीसीला आधी अर्धीच दिसते. उरलेली अर्धी फ्लॅशवरून परत येईपर्यंत, म्हणजे 9 सेमी जाऊन 9 सेमी येईपर्यंत, एडीसी 1.65 वर लटकून राहतो. साधारण एक नॅनोसेकंद. सुरुवातीचा रेझिस्टर एकाच टोकाच्या चिपसाठी उत्तम, वाटेत कुणी बसलेलं असेल तर त्याच्यासाठी नाही.

दोन वाटा आहेत. कायमची: पुढच्या बोर्डवर दोन्ही चिपना पिनपासूनच वेगळा ट्रेस आणि प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर. तेव्हा पिनचे 25 ओहम दोघांत वाटले जातात, म्हणून 100 ऐवजी 75 च्या जवळपास. दोन ट्रेसची लांबी सारखी ठेवलीत तर हिशेब चोख बसतो. आत्ताची: पिनचा स्पीड कमी करा आणि कड हळू चढू द्या. क्लॉक पीए5 वर असेल तर:

```c
GPIOA->OSPEEDR &= ~(3U << (5 * 2));
```

मात्र या स्पीडवर 10.5 मेगाहर्ट्झ चालवू नका, 2.625 वर या.

---

अर्चना_के | गुरुवार, सकाळी 10:45

मला हे पटत नाही. कड दोन नॅनोसेकंदांची आणि खांदा एका नॅनोसेकंदाचा. खांदा कडेतच विरघळतो, मृणालनेही किंचितच म्हटलंय. कड कुठेही खाली येत नाही, मग दुसऱ्यांदा मोजली कशी जाईल? मला ग्राउंडवर संशय आहे. मृणाल, तू "बहुतेक सगळा ग्राउंड" लिहिलंयस. एडीसीच्या आसपास खालच्या थरात आडवा ट्रेस आहे का? असेल तर परतीच्या करंटला वळसा पडतो.

---

निमिष_पीसीबी | गुरुवार, सकाळी 11:20

मुद्दा चांगला आहे. खांदा एकटा पुरेसा नाही, पण कड निर्णयाच्या व्होल्टेजवर रेंगाळत असताना 50 मिलिव्होल्टचा गोंगाटही पुरतो. तो गोंगाट ग्राउंडच्या फटीतून येत असू शकतो. फट बघितल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही.

---

हवेतला | शुक्रवार, संध्याकाळी 7:10

काका, केलं. अँटेना काढून, टोक उघडं ठेवून: 1.4. लावल्यावर: 1.3. दोन-तीनदा करून पाहिलं, तेच.

वरचा कनेक्टर उघडला. सेलोटेपच्या वर मी काहीच गुंडाळलं नव्हतं. आत तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलीये आणि सुरीने केबल सोलत गेलो तर दोन हातांपर्यंत तशीच. ज्यांना तुमचा रिसीव्हर बिघडलाय असं कळवलं होतं, त्यांना फोन करून माफी मागितली.

---

जुनी_लॅब | शुक्रवार, रात्री 8:30

उघड्या टोकाला 1.4 म्हणजे परत आलेला व्होल्टेज सहावा हिस्सा. जाऊन-येऊन साडेपंधरा डेसिबल, एका वाटेचं पावणेआठ. तुमच्या 25 वॅटपैकी वर जेमतेम 4 वॅट पोहोचतात. रिपीटरला ऐकू न येण्याचं कारण एवढंच पुरेसं आहे.

अँटेनाचा आकडा याच हिशेबाने काढला तर एसडब्ल्यूआर 8 च्या वर जातो. पण तो 8 लिहून ठेवू नका. 1.3 आणि 1.4 यांत तुमच्या मीटरची सुईसुद्धा नीट फरक करू शकत नाही, आणि एवढ्या नुकसानीमागून पाहिलेल्या आकड्यात ती बारीक चूक प्रचंड मोठी होते. खात्रीने एवढंच म्हणता येतं की अँटेना लावली काय नि काढली काय, मीटरला जवळपास सारखंच दिसतं. अँटेना चांगली आहे की वाईट हे अजून आपल्याला माहीत नाही. केबल बदला, आणि मीटर वर नेऊन अँटेनाच्या पायथ्याशी, एक मीटरच्या तुकड्यावर मोजा.

नव्या केबलचा उघड्या टोकाचा आकडा पहिल्याच दिवशी वहीत लिहा. दर पावसाळ्यानंतर तोच पुन्हा मोजा. तो *कमी* झाला की केबल गेली समजा.

---

मृणाल_सर्किट | रविवार, दुपारी 4:00

अर्चनाताई, तुमचा संशय अर्धा खरा निघाला. एडीसीच्या 2 सेमी अलीकडे खालच्या थरात बझरचा ट्रेस आडवा जातो, क्लॉकच्या बरोबर खालून. ग्राउंडमध्ये 4 सेमी लांबीची फट. फटीच्या दोन्ही बाजूंना तांबं खरवडून वरून तांब्याची पट्टी सोल्डर केली. एडीसीच्या चुका लाखात तीनवरून, दहा लाखांत एकवर आल्या. खांदा स्कोपवर आहे तसाच आहे.

मग पट्टी तशीच ठेवून निमिष यांची ओळ टाकली, क्लॉक 2.625 वर आणला. आत्ता बोर्ड सकाळपासून चालू आहे, चाळीस लाख वाचनं झाली, दोन्ही चिप शून्य चुका. पण मला एडीसी 10.5 वरच हवा होता, म्हणजे खांद्याचा प्रश्न उरतोच. नव्या बोर्डवर दोन वेगळे ट्रेस काढतेय, फ्लॅशचा 17 सेमी आणि एडीसीचा 8. दोन्ही सारखे करायला एडीसीचा नागमोडी नेऊ, की लांबी वेगळी ठेवून 75 च्या जागी वेगळे आकडे घेऊ?

---

निमिष_पीसीबी | रविवार, संध्याकाळी 5:25

नागमोडी नेऊ नका, वळणांमधलं अंतर कमी पडलं की वळणं आपसांत बोलतात. आधी फ्लॅश खरंच त्या टोकाला हवी आहे का ते बघा. लेआउटचा फोटो टाका, दोन्ही थरांचा.